फिल्टर बंद असताना हुकलेले सौदे

निफ्टी 200 दिवसांच्या सरासरीखाली गेला, किंवा बाजाराची अस्थिरता मोजणारा विक्स फार चढला, की माझा फिल्टर बंद होतो आणि नवी खरेदी थांबते. त्यावर धुळ्याहून एका वाचकाची प्रतिक्रिया: "भाऊ, तुमच्या फिल्टरने मार्च 2020 नंतरची एवढी मोठी तेजी हातची घालवली. 200 दिवसांची सरासरी आणि विक्सची पातळी मागचं बघून बसवली की बॅकटेस्ट छानच दिसणार. खऱ्या पैशाला हे काय कामाचं?"

भाऊ, 23 मार्च 2020 ला निफ्टी 7,610 वर बंद झाला. 200 दिवसांच्या सरासरीवर तो परतला जुलैच्या उत्तरार्धात, 11,000 च्या आसपास. मधली चढण गेली, आणि ती जाणारच होती. पण आपली पद्धत ब्रेकआउटची, म्हणजे भावाने आधीचा उच्चांक ओलांडला की घेण्याची आहे, तळाच्या भावाला ती खरेदी करतच नाही. फेब्रुवारीअखेर निफ्टी सरासरीखाली घसरला तेव्हाच नवे सौदे थांबले. जुने आपापल्या स्टॉपलॉसला सुटले. एका दिवसात 13 टक्के पडलेला तो 23 मार्च आला, तेव्हा नवी खरेदी अंगावर नव्हती.

म्हणून फिल्टरचा हिशेब निर्देशांकाच्या तेजीशी लावू नका. आधी फिल्टर न लावता जुन्या भावांवर बॅकटेस्ट चालवा. प्रत्येक सौद्यापुढे त्या वेळी फिल्टर चालू होता की बंद, ते लिहा. मग दोन्ही गटांची सरासरी, दलाली आणि कर वजा करून, वेगवेगळी काढा. बंद गटातही चालू गटाइतकाच नफा दिसला, तर फिल्टर नुसते सौदे कमी करतोय. खुशाल काढून टाका.

विक्सच्या पातळीबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. "विक्स 20 च्या वर गेला की फिल्टर बंद" असा पक्का आकडा ठेवला असता, तर जुलैत निफ्टी सरासरीवर येऊनही फिल्टर उघडला नसता, कारण विक्स तेव्हाही 20 च्या वरच होता. म्हणून मी आजच्या विक्सचा मागच्या 252 दिवसांतला क्रम बघतो. वर्षातल्या सर्वांत अस्थिर 20 टक्के दिवसांत तो बसत असेल, तरच फिल्टर बंद. मार्च ते मेचे चढे आकडे त्याच वर्षात असल्यामुळे जुलै या कसोटीवर पास होतो.

सरासरीच्या रेषेवर बाजार घुटमळतो तेव्हा खरा त्रास होतो. आज चालू, परवा बंद, आणि दर वेळी खर्च. पहिल्या सरीवर कापूस लावून दुबार पेरणी ओढवून घेण्यासारखं आहे ते. त्यामुळे चालू करायला सलग पाच दिवस सरासरीवर बंद भाव हवा, आणि बंद करायला सरासरीच्या 2 टक्के खाली. मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती कायम.

कोडमध्ये फिल्टरची रोजची चालू-बंद स्थिती on मध्ये असेल, तर ही एक ओळ तपासा:

```python
on = on.shift(1)
```

ती नसेल तर आजच्या बंद भावावर ठरलेला निर्णय आजच्याच सौद्याला लागतो, आणि बॅकटेस्ट खोटा सुंदर दिसतो.

आता 200 च्या जागी 150 आणि 250 घालून पाहा. निकाल थोडाफार हलला तर चालेल. फक्त 200 लाच चमकत असेल, तर तुमचं म्हणणं खरं. आणि बंद गटात शेकडो सौदे दिसले तरी भुलू नका. ते 2008, 2011, 2020 अशा मोजक्या पडझडींतूनच आलेले असतात. त्या प्रत्येक पडझडीचा हिशेब सुटा मांडा.