'इस्त्री' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सभेच्या टिपणांवरून इतिवृत्त कसं लिहायचं, या माझ्या लेखावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया : "लेख वाचला. टिपणांना इस्त्री करून तक्त्यात घातलं की त्याला इतिवृत्त म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या रकान्यांमुळे सभेत जे ठरलंच नाही तेही ठरल्यासारखं दिसतं. मी सहा वर्षं टिपणं आहेत तशीच सगळ्यांना पाठवतो, कुणाचं काही अडलेलं नाही. शिवाय तुमच्या नमुन्यात कामाची मुदत सभेच्या आधीची आहे, ते तरी बघा."

नमस्कार,

मुदतीची चूक माझीच. सभा १२ तारखेची आणि काम १० तारखेपर्यंत, हे माझ्या नजरेतून सुटायला नको होतं. दुरुस्त केलं आहे. दाखवून दिलंत, आभारी आहे.

पण 'इस्त्री' हा शब्द मला लागला. अकरा वर्षं मी एका संस्थेच्या कार्यकारिणीची इतिवृत्तं लिहिली आहेत. सभा संपल्यावर बाकीचे घरी जायचे आणि मी वही उघडून बसायचो. ते काम कुणी असं एका शब्दात निकालात काढलं की राहवत नाही. मतभेद असू द्या, ते मांडायची रीत असते.

पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखाच टिपणं आहेत तशी पाठवायचो. त्या वर्षीचं एक टिपण अजून माझ्या वहीत आहे, अक्षरशः असं :

"प्रिंटर – परत अडकतो. देखभाल करार महिनाअखेर संपतोय. नवा की करार? ख. बघेल. अहवाल ५०० नको ३००, सगळे हो. मुखपृष्ठ बदलू या का. प्रिंटर – दोन कोटेशन तरी हवीत."

लिहिताना 'ख.' म्हणजे कोण हे मला पक्कं माहीत होतं : खजिनदार. खजिनदारांनी वाचलं तेव्हा त्यांना ते 'खरेदी विभाग' वाटलं. खरेदी विभागाचं कुणी सभेला नव्हतंच, त्यामुळे त्यांच्यापर्यंत काहीच गेलं नाही. महिना संपला, करार संपला, आणि पुढच्याच आठवड्यात यंत्र बंद पडलं. कराराबाहेरची दुरुस्ती म्हणून पूर्ण पैसे मोजावे लागले आणि अहवालाचं काम अडकलं ते वेगळंच. पुढच्या सभेत खजिनदारांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "माझं नाव कुठे लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बरोबर होते.

आता हेच टिपण मी कसं मांडतो ते सांगतो, म्हणजे यात इस्त्री किती आणि काम किती ते दिसेल.

आधी मी ते विषयपत्रिकेसमोर ठेवतो. बोलणं झालं त्या क्रमाने लिहीत नाही, विषयाच्या क्रमाने लिहितो. वरच्या टिपणात प्रिंटर दोनदा आला आहे, मध्ये अहवाल घुसला आहे. सभेत असंच होतं, विषय मागे जातो, पुढे जातो. पण महिन्याभराने वाचणाऱ्याला प्रिंटरबद्दलचं सगळं एका जागी हवं असतं. मग पेन्सिलने प्रत्येक वाक्याच्या बाजूला एक खूण करतो : हे ठरलं, हे करायचं आहे, की हे नुसतं बोलणं झालं? "३००, सगळे हो" हे ठरलं. "दोन कोटेशन हवीत" हे करायचं आहे. "परत अडकतो" ही माहिती. "मुखपृष्ठ बदलू या का" हा प्रश्न, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

'ख. बघेल' कुठेच बसत नाही. बघेल म्हणजे काय करेल? कधीपर्यंत? 'जबाबदारी' या रकान्यात एकच नाव किंवा एकच पद मावतं आणि त्याच्या शेजारी तारीख लागते. 'सर्वांनी' लिहिलं की ते काम कुणाचंच उरत नाही, आणि 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे. तो रकाना रिकामा दिसला की मला फोन करावाच लागतो. "कोटेशन तुम्ही मागवणार ना? २० तारखेपर्यंत?" हा दोन मिनिटांचा फोन आहे, आणि तो सभेनंतर एक-दोन दिवसांतच करायचा असतो, कारण त्यानंतर ज्याला त्याला आपापली सोयीची आठवण राहते. सभेला नसलेल्या माणसाच्या नावावर काम टाकायचं असेल तर त्याला विचारल्याशिवाय मी लिहीतच नाही.

फोननंतर कागदावर हे उरतं :

विषय ३ : प्रिंटर
माहिती : कागद वारंवार अडकतो. देखभाल करार ३० तारखेला संपतो.
निर्णय : करार वाढवायचा की नवा प्रिंटर घ्यायचा, यावर निर्णय झाला नाही. कोटेशन आल्यावर अध्यक्ष व खजिनदार यांनी २५ तारखेपर्यंत ठरवावे.
कृती : किमान दोन कोटेशन मागवणे. जबाबदारी : खजिनदार. मुदत : २० तारीख.

विषय ४ : वार्षिक अहवाल
निर्णय : ५०० ऐवजी ३०० प्रती छापाव्यात, असे एकमताने ठरले.
मुखपृष्ठ : चर्चा अपूर्ण, पुढील सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावे.

यातलं 'अध्यक्ष व खजिनदार यांनी ठरवावे' हे माझ्या मनातलं नाही. सभेत तसं बोलणं झालं होतं, घाईत टिपायचं राहिलं होतं, आणि नंतर दोघांनीही वेगवेगळं विचारल्यावर तेच सांगितलं. दोघांचं जुळलं नसतं तर ते वाक्य मी लिहिलं नसतं. न ठरलेलं ठरल्यासारखं दाखवण्याचा आरोप करण्याआधी 'निर्णय झाला नाही' हे तीन शब्द मूळ लेखातल्या नमुन्यात होते की नाही, हे तुम्ही पाहायला हवं होतं. होते. विषय २ खालीच होते. लेख तिथपर्यंत वाचला गेला नसावा असं मला वाटतं, आणि तसं असेल तर माझ्या कामाबद्दल इतक्या खात्रीने बोलायला नको होतं.

शिवाय मी पाठवतो त्या कागदावर 'मसुदा' असं ठळक लिहिलेलं असतं. पुढच्या सभेत तो वाचला जातो, कुणाची हरकत असेल तर दुरुस्ती नोंदवली जाते, आणि मगच तो कायम होतो. माझं चुकलं तर ते दुरुस्त करायची जागा तिथे आहे. तुमच्या टिपणांना हरकत घ्यायची म्हटली तर ती कशाला घ्यायची? "परत अडकतो" याला?

तुमच्या सहा वर्षांबद्दल मी जास्त बोलणार नाही. प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. चार माणसं रोज एकाच टेबलावर बसत असतील तर टिपणांवर भागतही असेल.

तारीख सुधारलेला नमुना मूळ लेखात आहे, विषय २ पासून बघा. आणि तुमच्या टिपणांत नावाऐवजी एखादं अक्षर असेल, तर ते कुणाचं हे त्या माणसाला आजच विचारून घ्या.