पाच जणांचे ऐंशी टक्के

"इंदूरच्या 18 ते 25 वयाच्या मराठी मुलांपैकी 80 टक्के घरी हिंदीच बोलतात! साठीपुढच्यांमध्ये हेच 31 टक्के. 214 जणांचा सर्व्हे आहे, खोटा कसा असेल? आलेख जोडला आहे, सगळ्यांना पाठवा."

हे आत्याने मला तीनदा पाठवलं, वर फोन करून "आता तरी नातवंडांशी मराठीत बोला रे" असं सुनावलंही. म्हणून आलेख बनवणाऱ्या काकांकडून मूळ शीट मागवली.

18 ते 25 च्या खांबामागे पाच जण आहेत. पाच! चौघांनी "हिंदी" निवडलं. त्यातल्या एकाने दुसरं बटण दाबलं असतं तर खांब थेट 60 वर आला असता. आणि या पाचांपैकी दोन आत्याचीच नातवंडं. रविवारी पोहे खाता खाता एकाच मोबाइलवरून दोघांनी फॉर्म भरला, मी समोर होतो. म्हणजे घरं मोजायची तर चारच.

खरी टक्केवारी कुठून कुठपर्यंत असू शकते, याचा 95 टक्के खात्रीचा पट्टा विल्सनच्या सूत्राने काढला, तर पाचपैकी चार म्हणजे साधारण 38 ते 96 टक्के. साठीपुढचे 126 जण, त्यात 39 हिंदीवाले. त्यांचा पट्टा 24 ते 39. दोन पट्टे एकमेकांना टेकतात. फरक नाहीच असं यावरून ठरत नाही, पण "80 विरुद्ध 31" म्हणून छाती पिटण्याइतकं काही हाती लागत नाही. त्यात हा हिशोब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या लोकांसाठी असतो. इथे ज्याच्या हाती लिंक लागली त्याने फॉर्म भरला.

214 चा आकडा खरा आहे, पण तो सगळ्या आलेखाचा. मथळ्यात लिहिल्याने तो प्रत्येक खांबाला लागू होत नाही.

"खांबाखाली संख्या लिहिली की आलेख गिचमिड होतो," असं काका म्हणाले. वयोगटाखाली "5 जण" लिहायला जागा किती लागते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण लाखो घरांत जातं, तरी त्याच्या तक्त्यांत 25 ते 49 जणांवर आधारलेली टक्केवारी कंसात छापतात आणि 25 पेक्षा कमी असतील तर आकडा न देता नुसती तारका. तीही भारांक लावण्याआधीच्या, प्रत्यक्ष उत्तरं दिलेल्या माणसांच्या मोजणीवर. आपल्या पाच जणांच्या खांबावर तिथे तारकाच आली असती.

मुलं हिंदी बोलतात, हे कबूल. माझीही बोलतात. पण किती, ते हा आलेख सांगू शकत नाही.

काकांनी काल खांब काढून "18–25 (5 जण): 4 हिंदी, 1 मराठी" अशी ओळ टाकली. आत्याचा लगेच फोन: "तो एक कोण रे?"