संध्याकाळचं भरपेट सीरिअल आणि बाळाची रात्रीची झोप

“बाळ रात्री सारखं उठतंय? म्हणजे नुसत्या दुधाने त्याचं पोट भरत नाही. चौथ्या महिन्यापासून संध्याकाळी भरपेट सीरिअल चारा, नाहीतर झोपतानाच्या बाटलीत दोन चमचे घाला. जड अन्न सावकाश पचतं, बाळ थेट सकाळीच उठतं. आमच्याकडे आठवड्याभरात फरक पडला.”

आधी उष्मांकांचा हिशेब मांडू. आईचं दूध असो की फॉर्म्युला, १०० मिलिलिटरमध्ये साधारण ६५ किलोकॅलरी असतात. बाळांच्या कोरड्या सीरिअलच्या एका मोठ्या चमच्यात असतात जेमतेम १५. समजा, साडेसहा महिन्यांचं बाळ झोपण्याआधी १८० मिलिलिटर दूध पितं. आज त्याला संध्याकाळी दोन मोठे चमचे सीरिअल पाण्यात पातळ कालवून चारलं. त्यातून मिळाल्या ३० किलोकॅलरी. पण इवलंसं पोट त्या पाण्यानेच भरलं आणि झोपताना बाळाने १०० मिलिलिटर पिऊन तोंड फिरवलं. राहिलेल्या ८० मिलिलिटर दुधात ५२ किलोकॅलरी होत्या. म्हणजे जास्तीचं खाऊ घालूनही त्या रात्री बाळाला २२ किलोकॅलरी कमीच मिळाल्या. शिवाय आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा चरबीतून येते, पातळ सीरिअलमध्ये चरबी नावालाच असते. सीरिअल दुधात कालवलं तर तूट येत नाही हे खरं, पण मग दोन चमच्यांनी भर पडते ती सुमारे ४५ मिलिलिटर दुधाएवढी. एवढ्यावर अख्खी रात्र निघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

बाटलीत सीरिअल घालण्याची तर नीट परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १०६ बाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाचव्या आठवड्यापासून झोपतानाच्या बाटलीत सीरिअल सुरू केलं, दुसऱ्याला चौथ्या महिन्यापासून. पालकांनी २१ आठवड्यांपर्यंत, दर आठवड्याला एका दिवसाची बाळाची झोप टिपून ठेवली. ज्यांना आधी सीरिअल मिळालं ती बाळं आधी सलग झोपायला लागली का? नाही. सलग सहा तास मोजा किंवा आठ, दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता.

मग “आठवड्याभरात फरक पडला” म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. फरक त्यांना खरोखरच दिसतो. पण बघा, हा उपाय कधी केला जातो? सगळ्यात वाईट आठवड्यात, घरातल्या कुणाचेच डोळे उघडत नसताना. वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा थोडा बरा असतोच. त्यात पहिल्या चार-पाच महिन्यांत बाळाला दिवस-रात्रीचं भान येत जातं आणि सलग झोपेचे तुकडे आपोआप मोठे होत जातात. त्या काळात काहीही सुरू केलं तरी यश त्याच्याच खात्यावर जमा होतं. म्हणून तर सीरिअल न मिळालेला, तुलनेसाठीचा गट लागतो. एका घरात तो मिळत नाही.

या दाव्याच्या बाजूने असलेला सगळ्यात भक्कम पुरावाही सांगायला हवा, कारण तो अर्धवट सांगितला जातो. इंग्लंड आणि वेल्समधल्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या १३०३ बाळांवरचा एक मोठा अभ्यास आहे. अर्ध्या बाळांना तिसऱ्या महिन्यापासून पूरक आहार सुरू केला, बाकीच्यांना सुमारे सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध दिलं. झोपेविषयीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले आणि लवकर खाणारी बाळं खरंच थोडी जास्त झोपली. किती जास्त? सहाव्या महिन्यात, म्हणजे फरक सर्वाधिक असताना, रात्रीला सुमारे १७ मिनिटं. रात्री उठण्याचं प्रमाण २.०१ वरून १.७४ वर आलं. म्हणजे दोनदा उठणारं बाळ बहुतेक रात्री दोनदाच उठणार. झोपेची माहितीही पालकांनीच भरली होती आणि आपलं बाळ कोणत्या गटात आहे हे त्यांना ठाऊक होतं. मुळात हा अभ्यास ॲलर्जीसाठी आखलेला होता. बाळांना दही, अंडं, शेंगदाणे, मासे, गहू असे पदार्थ क्रमाने दिले जात होते. संध्याकाळी भरपेट जेवण ही गोष्ट त्यात तपासलेलीच नाही. त्यामुळे १७ मिनिटांचा हा आकडा संध्याकाळच्या वाटीच्या नावावर खपवता येत नाही.

सहा महिन्यांनंतर तरी रात्रीचं जेवण भारी ठेवावं का? स्वान्सी विद्यापीठाच्या २०१५ च्या पाहणीत सहा ते बारा महिन्यांच्या बाळांच्या ७१५ आयांकडून माहिती घेतली होती. दिवसा जास्त दूध किंवा घन आहार घेणारी बाळं रात्री कमी वेळा प्यायली, पण उठली तेवढ्याच वेळा. माझ्या मते यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे, कारण भूक आणि जाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून स्पष्ट होतं. बाळाच्या झोपेचं एक चक्र सुमारे तासाभराचं असतं आणि दोन चक्रांच्या मध्ये झोप उथळ होते. पोट कितीही भरलेलं असलं तरी तेव्हा जाग येऊ शकते.

भुकेची जाग ओळखायची तर बाळ पितं कसं ते बघा. भुकेलं बाळ जोमाने पितं, गिळल्याचा आवाज लयीत येत राहतो आणि ते बराच वेळ पितं. दोन मिनिटं चोखून डोळे मिटणाऱ्या बाळाला बहुधा झोपायला आधार हवा असतो. चार-पाच महिन्यांत आणखी एक घोळ होतो. आजूबाजूचं सगळं कळायला लागल्यामुळे बाळ दिवसा दोन घोट पिऊन मान वळवतं आणि राहिलेलं दूध रात्री वसूल करतं. तिथे संध्याकाळी चमचा पुढे करण्यापेक्षा दिवसाची दोन-तीन पाजणी शांत, अंधाऱ्या खोलीत केलेली बरी.

आता नुकसानाचं. बाटलीतल्या घट्ट दुधाने बाळाला ठसका लागू शकतो, आणि पोट भरल्याची खूण करण्याआधीच ते गरजेपेक्षा जास्त गिळून बसतं. उलटी थांबत नाही म्हणून डॉक्टरांनी दूध घट्ट करायला सांगितलं असेल तर तो उपचार आहे. प्रमाण त्यांनी सांगितलं तेवढंच ठेवा.

जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर पूरक आहार सुरू करायला सांगते. तोवर मान स्थिर झालेली असते, बाळ आधाराने बसतं आणि चमच्यातला घास जिभेने बाहेर ढकलत नाही. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी होते. घास चमचा कलता केल्यावर ओघळणार नाही इतका दाट हवा, म्हणजे वर मांडलेली तूट येत नाही. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा खाणं पुरतं आणि दूध पूर्वीसारखंच चालू राहतं. पहिल्यांदा द्यायचा पदार्थ मात्र सकाळी किंवा दुपारी द्या. तोंडाभोवती सूज, अंगावर गांधी किंवा उलट्या झाल्याच तर घरातली माणसं जागी असतात. रात्री आठला चारलेल्या नव्या पदार्थाची ॲलर्जी अंधाऱ्या खोलीत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वजन वाढीच्या रेषेवरून खाली घसरत असेल, दिवसभरात लंगोट कमी ओले होत असतील किंवा पिताना बाळ पाठ ताणून रडत असेल, तर चमचा उचलण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.