पट्टकादंब, एव्हरेस्ट आणि दोन नोंदींमधला तास

प्रतिक्रिया: "प्राणिशास्त्राच्या सादरीकरणात विचारण्यासाठी आपण दिलेले प्रश्न मला निव्वळ कीस काढणारे वाटले. ९१ पट्टकादंब हंसांना ट्रॅकर लावून ते एव्हरेस्टवरून उडत नाहीत हे सिद्ध झालेले आहे. मग नोंदी किती वेळाने घेतल्या, असे विचारून विद्यार्थ्याला अडवण्यात काय अर्थ?"

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. ज्या अभ्यासाचा आपण आधार घेतला आहे, तो मलाही अत्यंत मोलाचा वाटतो, आणि नेमके म्हणूनच त्यातून काय निघते आणि काय निघत नाही याविषयी मी आग्रही आहे. हे हंस हिमालयाच्या शिखरांवरून नव्हे, तर सहसा दऱ्याखोऱ्यांतून प्रवास करतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्या हंसांची सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आणि उत्तरेकडे जाणाऱ्यांची ६,५४० मीटर नोंदली गेली, तर ९५ टक्के नोंदी ५,४८९ मीटरच्या खालच्या होत्या. यातला "सहसा" हा शब्द गाळून त्या जागी "कधीच नाही" घातले की विधान बदलते, आणि या बदललेल्या विधानाला ही माहिती पुरी पडत नाही.

कारण साधे आहे. ट्रॅकर हा चित्रपट काढत नाही, तो ठरावीक अंतराने एकेक छायाचित्र काढतो. समजा, तासाला एक नोंद होते. हिमालय चढून जायला या हंसांना सात ते आठ तास लागतात, असे आधीच्या मोजणीतून दिसले आहे. म्हणजे संपूर्ण पर्वतरांग ओलांडतानाच्या आपल्या हाती सात-आठ नोंदीच येतात. हंस ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असेल, तर दोन नोंदींमध्ये साठ किलोमीटरचा मुलूख मागे पडतो, आणि नकाशावर त्या दोन ठिपक्यांना जोडणारी सरळ रेषा ही पक्ष्याची वाट नसून आपण आखलेली रेषा असते. एखाद्या कड्यावरून जाताना पक्षी वीस मिनिटे बराच उंच गेला आणि पुन्हा खाली उतरला, तर ते या नोंदींत दिसेलच असे नाही. म्हणून ७,२९० मीटर ही हंसांच्या उंचीची कमाल मर्यादा नव्हे. ते किमान इतके उंच जातात, एवढेच ती सांगते.

हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हंसांच्या शरीरात बसवलेल्या उपकरणांनी हवेचा दाब, हृदयाचे ठोके आणि शरीराच्या हालचाली नोंदवल्या. हंस एकदा उंची गाठून तिथेच टिकून राहत नाहीत, जमिनीच्या चढउतारांबरोबर तेही वर-खाली होत जातात, असे त्यातून दिसले. विरळ हवेत उंचावर टिकून राहण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणे त्यांना स्वस्त पडते. वाट अशी हेलकावे घेणारी असेल, तर दोन नोंदींमधले अंतर विचारणे हे कीस काढणे कसे ठरेल?

उलट बाजूनेही हाच प्रश्न उपयोगी पडतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात दहा वाजता ५,००० मीटर, अकरा वाजता ७,८०० आणि बारा वाजता पुन्हा ५,१०० अशा नोंदी आल्या, तर "विक्रमी उंची" म्हणून टाळ्या घेण्याआधी चढण्याचा वेग काढावा. तासात २,८०० मीटर. हे हंस सलग चढताना तासाला ०.८ ते २.२ किलोमीटर चढतात, असे मोजलेले आहे. म्हणजे ती एकाकी नोंद बहुधा जीपीएसची चूक असावी. पुरेसे उपग्रह दिसत नसले की ही चूक आडव्या स्थानापेक्षा उंचीत अधिक होते.

"९१ हंस" या आकड्याबाबत मात्र आपली टीका मला अंशतः मान्य आहे. "नमुना किती मोठा होता?" हा माझ्या यादीतला प्रश्न ढोबळ होता. ट्रॅकर लावलेला प्रत्येक पक्षी पर्वत ओलांडतानाची नोंद देतोच असे नाही. काही उपकरणे मध्येच गप्प होतात, आणि पक्षी मेला, उपकरण गळून पडले की बॅटरी संपली, हे त्या शांततेवरून कळत नाही. शिवाय ९५ टक्के हे प्रमाण नोंदींचे आहे, पक्ष्यांचे नव्हे. एकाच हंसाच्या शंभर नोंदी म्हणजे शंभर हंसांचा पुरावा होत नाही.

त्यामुळे यादीतील तो प्रश्न आता असा बदलला आहे: "किती पक्ष्यांच्या नोंदी प्रत्यक्ष पर्वत ओलांडतानाच्या आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या किती?" नोंदींमधल्या अंतराचा प्रश्न मात्र मी जसाच्या तसा ठेवतो आहे.