नवऱ्याला धोका शून्य, मग बाळाला का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

एचआयव्हीची गोळी रोज घेऊन रक्तातला व्हायरस तपासणीत दिसणार नाही इतका कमी झाला, म्हणजेच 'अनडिटेक्टेबल' झाला, तर त्या बाईकडून नवऱ्याला लागण होत नाही आणि दुधातून बाळाला धोका फार कमी असतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया:
"रिपोर्टमध्ये व्हायरस दिसत नसेल तर नवऱ्याला लागण होत नाही म्हणता, आणि त्याच बाईच्या दुधाबद्दल मात्र 'धोका फार कमी' असं गुळमुळीत लिहिता. एकच काय ते सांगा. खेड्यातल्या बायकांना अर्धवट माहिती देऊन स्वतःला तज्ज्ञ समजणं बंद करा. आणि 'अनडिटेक्टेबल'ला मराठी शब्द नाही का?"

मराठी शब्दाचं मान्य. 'न सापडणारा' म्हणता आलं असतं, इथून पुढे तसंच म्हणेन. पण 'स्वतःला तज्ज्ञ समजणं' हे वाक्य लागलं, ते लपवत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बायकांशी मी कित्येक वर्षं याच विषयावर बोलत आले आहे. खेड्यातल्या बाईला दोन वेगळी उत्तरं समजणार नाहीत, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ती दोन्ही नीट समजून घेते. फक्त तिला ती कुणी सांगत नाही.

नवरा-बायकोच्या संबंधांत 'शून्य' म्हणते, कारण ते मोजलं गेलंय. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात 888 जोडपी होती. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, एका मिलिलिटरमागे 200 च्या खाली. कंडोमशिवाय सुमारे 58,000 वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून झालेली लागण एकही आढळली नाही. अट एवढीच, की गोळी रोज घेतली जावी आणि लोड खाली आलेला तपासून खात्री झालेली असावी.

दुधाचं गणित वेगळं. गोळीने रक्तातला सुटा व्हायरस दबतो, पण दुधात आईच्या पेशीही उतरतात आणि त्यातल्या काहींच्या आत व्हायरस दडलेला असू शकतो. बाळ ते दूध दिवसातून आठ-दहा वेळा, महिनोन्‌महिने पितं. भारतासह अनेक देशांत झालेल्या प्रॉमिस अभ्यासात औषध चालू असलेल्या आयांच्या बाळांत लागण सहा महिन्यांपर्यंत हजारात तीन, वर्षापर्यंत हजारात सहा इतकीच होती. हे फार कमी आहे, पण शून्य नाही. काहीच उपचार नसते तर गरोदरपण, बाळंतपण आणि दूध मिळून शंभरात 15 ते 45 बाळांना लागण झाली असती. हाच आकडा समोर ठेवून 'फार कमी' लिहिलं. गुळमुळीतपणा कुठे आहे, दाखवा.

आता ते लोड खरंच खाली आहे का, हे ठरतं कुठे, ते बघा. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली एक बाई समजा. चौथ्या महिन्यात तपासणीत पॉझिटिव्ह निघाली, त्याच आठवड्यात टीएलडी ही एचआयव्हीच्या तीन औषधांची एकत्र गोळी सुरू झाली, रोज एक. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि ती महाराष्ट्रात चंदगडकडे माहेरी गेली. व्हायरल लोडची तपासणी साधारण बत्तिसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे नेमकी तेव्हाच. दोन राज्यांच्या मध्ये ती राहून गेली, तर बाळंतपणाला डॉक्टरांच्या हातात आकडाच नसतो. म्हणून निघण्याआधीच एचआयव्हीची औषधं देणाऱ्या आपल्या एआरटी केंद्रातून पुरेशा गोळ्या, बदलीची चिठ्ठी आणि लोडच्या तारखेची नोंद घ्यायची. सरकारचा एचआयव्ही कार्यक्रम देशभर एकच आहे, सीमेपलीकडच्या केंद्रातही तीच गोळी मिळते.

समजा तपासणी झाली आणि लोड 2,400 निघाला. घरचे म्हणतात, गोळी चुकवली असेल. नाही चुकवली. ती सकाळी रिकाम्या पोटी टीएलडी, लोह आणि कॅल्शियम तिन्ही एकत्र गिळत होती. लोह-कॅल्शियम टीएलडीतल्या डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतं, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. टीएलडी त्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर तिन्ही गोळ्या एकत्र, पण जेवणासोबत. हे सांगायला एक मिनिट पुरतं.

पण प्रसूती जवळ आलेली, लोड उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबता येत नाही. 1,000 च्या वर लोड म्हणजे बाळाला लागणीचा धोका जास्त. त्याला नेव्हिरॅपिन आणि झिडोव्ह्यूडिन अशी दोन औषधं जन्मापासूनच, आणि आईचं दूध चालू असेल तर बारा आठवडे. लोड खाली असता तर अडीच किलोवरच्या बाळाला नेव्हिरॅपिनचं सरबत दिवसातून एकदा दीड मिलि, सहा आठवडे पुरलं असतं.

आणि सहा महिने फक्त आईचं दूध. माहेरची आजी प्रेमाने मध चाटवते, बाळगुटी उगाळते, वरचं दूध पाजते. त्याने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि दुधातल्या व्हायरसला वाट मिळते. आजीला एचआयव्ही सांगायची गरज नाही. 'डॉक्टरांनी सहा महिने पाणीसुद्धा नाही सांगितलंय' एवढं पुरतं. सहाव्या आठवड्यात टाचेच्या रक्ताची पहिली तपासणी करायची, आणि अंतिम निकाल अठराव्या महिन्यात. मधली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून अंगावरचं दूध चालू असताना पुढच्या तपासण्या सोडायच्या नाहीत.