पंप चालू आहे!

माझा मेहुणा म्हापशाला राहतो, मी फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात. गाडीने तासा-सव्वातासाची वाट. पण रोज संध्याकाळी सात वाजता तो कन्सोलवर फुटबॉल खेळून मला हरवतो आणि वर, "भावोजी, नेटवर्क बरं नाही वाटतं तुमचं," असं म्हणतो. त्या सांत्वनामुळे हरणं जास्त झोंबतं.

खरं तर तो चुकीचं बोलत नव्हता. आमचा राउटर दर्शनी सोप्यात, कारण फायबरची तार तिथपर्यंतच आली. कन्सोल मात्र मागच्या खोलीत, जिथे पूर्वी नारळ ठेवायचे. "गोल गोल म्हणून ओरडायचं असेल तर माझ्या कानांपासून लांब," हा आईचा हुकूम. मधे देवघर, माजघर आणि चिऱ्याच्या चार भिंती, एकेक दीड फूट जाड. आजोबांनी घर बांधलं ते चोर आणि पाऊस दोघांनाही आत येता येऊ नये म्हणून. वाय-फाय तिसरा निघाला.

लेक म्हणाला, "बाबा, स्पीड टेस्ट बघू नका. राउटरपर्यंतचा पिंग बघा." मागच्या खोलीत लॅपटॉप ठेवून त्याने हे चालवलं:

```
ping 192.168.1.1 -t
```

म्हणजे बाहेरच्या जगाचा विचारच नाही, फक्त आपल्याच घरातल्या राउटरला हाक मारायची आणि ओ यायला किती मिलीसेकंद लागतात ते पाहायचं. आकडे आले: ६, ९, ३४०, ७, मग `Request timed out.`, मग ४१२. पिक्चर बघायला हे चालतं, कारण तो पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. फुटबॉलमध्ये पुढचा भाग मेहुण्याच्या पायात असतो. त्या ३४० मिलीसेकंदांत माझा गोलकीपर झेप घेऊन परत जागेवर उभा राहतो आणि चेंडू जाळ्यात.

सरळ लॅनची तार ओढली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण ती देवघरातून न्यावी लागणार होती. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी विषय बदलला.

म्हणून आणले पॉवरलाइन अडॅप्टर. कल्पना मोठी गोड: एक डबा राउटरजवळच्या प्लगात, दुसरा कन्सोलजवळ, आणि डेटा जातो घरातल्याच विजेच्या तारांतून. खोक्यावर वेगाचा १००० एमबीपीएस असा आकडा. हा आकडा म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्तासारखा, प्रत्यक्षात त्याच्या पाव भाग मिळाला तरी पाहुणे समाधानाने जेवतात. दोन्ही डबे आधी सोप्यातल्या एकाच बोर्डावर लावून, बटणं दाबून त्यांची ओळख करून दिली. दोघांवर हिरवा दिवा. एक उचलून मागच्या खोलीत लावला, तर लाल.

पहिली चूक माझी. डबा स्पाइक बस्टरमध्ये खोचला होता. स्पाइक बस्टरचं कामच तारेतला असला खळखळाट गाळणं, आणि त्याच्या लेखी माझा डेटाही खळखळाटच. थेट भिंतीतल्या प्लगात लावला. तरी लाल.

मग वायरमनला बोलावलं. त्याने मीटरपाशी उभं राहून एकेक फ्यूज काढला, कुठल्या खोलीतला दिवा जातो ते पाहिलं, आणि हसून म्हणाला, "फेज वेगळी आसा मरे!" आमचं कनेक्शन थ्री फेज. सोपा एका फेजवर, मागची खोली दुसऱ्या. म्हणजे दोन डबे एका घरात राहूनही वेगवेगळ्या तारांवर होते. बोर्डात तारा जवळून जातात तिथे काय थोडंफार पाझरेल तेवढंच त्यांचं बोलणं. आमच्या दोन काकांचं असंच आहे, चवथीला एका पंगतीत बसतात तेवढंच. वायरमनने मागच्या खोलीची तार सोप्याच्या फेजवर घेतली, हिरवा दिवा लागला आणि पिंग ४ वर आला. ४, ५, ४, ४! त्या दिवशी दुपारी मी मेहुण्याला चहाच्या वेळेत दोन गोलांनी हरवलं. बायकोने साखर वाटायची की नाही विचारलं.

संध्याकाळी सातला पुन्हा सामना. पहिल्याच मिनिटाला माझे अकराही गडी पुतळे झाले. पिंग १८०, मग २६०. पाच मिनिटांनी सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सातला परत तेच. आम्ही इंटरनेट कंपनीला फोन करणार, इतक्यात परसातून आईचा आवाज आला, "टाकी भरली गो, पंप बंद कर!" आणि पिंग ४.

विहिरीचा पंप त्याच फेजवर होता. मोटर चालू झाली की ती तारेत इतका कल्ला करते की त्यात डेटाचं कुजबुजणं ऐकू येत नाही. मी आईला म्हटलं, पंप सहाला लावत जाऊ. आई म्हणाली, "चाळीस वर्षं सातला लागतो. तुझा खेळ सहाला लाव." पंप दुसऱ्या फेजवर टाकता आला असता, पण वायरमनने मिक्सर, फ्रिज, स्वस्तातले एलईडी दिवे अशी पुढच्या संशयितांची यादी सांगितली आणि माझा धीर सुटला.

शेवटी मेश. एकमेकांशी हवेतून बोलत वाय-फाय पुढे नेणाऱ्या दोन डब्यांचा संच. एक राउटरला जोडला, दुसरा मी मोठ्या हौसेने कन्सोलच्या शेजारीच ठेवला. पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या! आणि पिंग पुन्हा ३००. लेकाने कपाळाला हात लावला. त्या काड्या कन्सोल आणि उशाशी बसलेला डबा यांच्यामधल्या. त्या डब्याला पहिल्या डब्याचं ऐकू येतंय का, हे त्या काड्या सांगतच नाहीत. तो जिथे सिग्नल अजून बरा आहे तिथे, वाटेत ठेवायचा असतो.

वाटेत तर देवघर. पण आमच्या घराला राजांगण आहे, म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण. सरळ रेषेत चार भिंती, तर राजांगणाला वळसा घातला की सोप्याचं एक दार आणि पुढे मोकळी हवा. लांबची वाट, पण चिरा नाही. तुळशीसमोरच्या कोनाड्यात, जिथे दिव्यासाठी प्लग होताच, दुसरा डबा बसवला. तिथून मागच्या खोलीची खिडकी सात-आठ मीटर. तेवढी लॅनची तार ओढायला आईने परवानगी दिली. कन्सोल तारेवर असल्याने डब्याला हवेतून फक्त पुढच्या भावंडाशी बोलायचं उरलं. नाहीतर दोन्हीकडे एकाच तोंडाने बोलून त्याचा वेग निम्मा होतो.

मेहुण्याचं आमंत्रण मात्र येईना. नवा डबा स्वतःला राउटर समजत होता आणि कंपनीचा जुना तर होताच. एका घरात दोन कारभारी, बाहेरून आलेल्याला आत कोणी घेईना. नव्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे कारभार जुन्याकडेच ठेवला, तेव्हा दार उघडलं.

आता पिंग ५ ते ८, पंप चालू असला तरी. काल सातला सामना झाला. मी ४-० ने हरलो.

"काय भावोजी, आज काय झालं?"

"पंप चालू आहे रे," मी म्हटलं.

मेश बसवल्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.