गीझरचं वाय-फाय आणि अतिशहाणा फोन

नवा वाय-फायवाला गीझर फोनवरच्या ॲपला जोडायला त्याचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकायला लागला, फोनच्या यादीत त्याचं नेटवर्क दिसलं, जोडलंही. आणि ॲप म्हणतं, ‘डिव्हाइस सापडलं नाही’! अरे, सापडणार कसं? त्या तात्पुरत्या नेटवर्कवर इंटरनेट नसतंच. घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड गीझरला सांगण्यापुरतंच ते असतं. पण फोनला वाटतं, हे नेटवर्क कुचकामी. मग तो परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतो किंवा सरळ घरच्या वाय-फायवर परत जातो, आणि ॲपचा निरोप गीझरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून आधी मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का?’ असं फोनने विचारलं की ‘हो’ म्हणा. ही एक ओळ ॲपच्या पहिल्या पानावर लिहायला काय जातं या गीझरवाल्या कंपन्यांचं? तिथे मात्र हसऱ्या कुटुंबाचा फोटो!

बरं, पासवर्ड पोचूनही गीझर घरच्या नेटवर्कला जोडला जात नसेल, तर ते नेटवर्क ५ गिगाहर्ट्झचं आहे का बघा. बहुतेक गीझरांना फक्त २.४ कळतं. राउटरमध्ये २.४ चं वेगळं नाव ठेवा आणि पुन्हा बटण दाबून धरा.